फोटोतल्या नकाशावरचे किलोमीटर

नकाशाचे प्रमाण म्हणजे नकाशावरचे अंतर आणि त्याच दोन ठिकाणांमधले जमिनीवरचे अंतर यांचे गुणोत्तर. भूगोलाच्या पुस्तकांत ते तीन रूपांत भेटते. ‘१ सेंमी = ५ किमी’ असे शब्दांत सांगितले तर ते शब्दप्रमाण, १:५,००,००० असे लिहिले तर अंकप्रमाण, आणि नकाशाखाली भाग पाडलेली आडवी रेघ काढून तिच्यावर किलोमीटर लिहिले तर ते रेषाप्रमाण. छापील नकाशा समोर असेल तर तिघांचे उत्तर एकच येते. पण हल्ली स्वाध्यायाचे पान अनेकदा फोटो होऊन हाती पडते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी पुस्तकातला नकाशा पाठवतो, कोणी तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहतो, कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढतो. त्या क्षणी तीनपैकी दोन प्रमाणे खोटी ठरतात आणि एकच खरे राहते.

याचे कारण साधे आहे. फोटो मोठा किंवा लहान झाला की नकाशावरचा प्रत्येक सेंटिमीटर बदलतो; पण नकाशाखाली छापलेले ‘१ सेंमी = ५ किमी’ हे शब्द जसेच्या तसे राहतात. ते मूळ कागदाबद्दल बोलत असतात, हातातल्या प्रिंटबद्दल नाही. अंकप्रमाणाचेही तेच. रेषाप्रमाण मात्र चित्राचाच भाग असते. नकाशा दीडपट झाला की रेघही दीडपट होते, आणि तिच्यावर लिहिलेले २० किमी नकाशावरच्या २० किमींशी जुळूनच राहतात. म्हणून फोटोवरून अंतर काढताना पहिली नजर त्या रेघेवर जायला हवी.

तरीही शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण टाकून देण्यासारखे नाहीत. पुढे पडताळ्यासाठी ते लागतातच. अंकप्रमाणाचे किलोमीटर करताना मुले शून्ये मोजत बसतात आणि एखादे हमखास चुकते. लाखांत मोजणाऱ्याला याहून सोपी वाट आहे. १ किलोमीटरमध्ये १००० मीटर आणि १ मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणजे १ किमी बरोबर १ लाख सेंमी. त्यामुळे १ सेंमीला किती किमी हे विचारले की प्रमाणाच्या उजवीकडचा आकडा किती लाखांचा आहे एवढेच पाहायचे. १:५,००,००० म्हणजे पाच लाख, म्हणून १ सेंमीला ५ किमी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे बहुधा १:५०,००० प्रमाणाचे असतात. पन्नास हजार म्हणजे अर्धा लाख, म्हणून १ सेंमीला अर्धा किमी. काही नकाशांवर 250,000 असा इंग्रजी पद्धतीने स्वल्पविराम दिलेला असतो. तो अडीच लाख वाचला की अडीच किमी हे उत्तर आपोआप मिळते. ब्रिटिश काळातल्या एक इंची नकाशांचे प्रमाण १:६३,३६० असे विचित्र दिसते, कारण एका मैलात ६३,३६० इंच असतात. तिथे सेंटिमीटरची ही युक्ती फारशी उपयोगाची नाही.

आता एक स्वाध्याय समोर ठेवू. नकाशा मुंबई आणि ठाणे परिसराचा आहे. त्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाण्यापर्यंत मध्य रेल्वेचा मार्ग काळ्या रेघेने काढला आहे आणि वाटेत दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही स्थानके ठिपक्यांनी दाखवली आहेत. चौकटीच्या कडांवर अक्षांश-रेखांशांच्या खुणा आहेत. खाली ‘१ सेंमी = ५ किमी’ असे छापले आहे आणि शेजारी रेषाप्रमाण आहे. प्रश्न असा: टर्मिनसपासून ठाण्यापर्यंतचे सरळ अंतर आणि रेल्वेमार्गाने होणारे अंतर काढा. हा मार्ग निवडण्याचे कारण म्हणजे त्याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकातही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ते अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किमी होते. नकाशावरून काढलेला आकडा कितपत बरा आहे हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

मूळ पुस्तकात हा नकाशा लहान होता. त्याच्या फोटोची प्रिंट मात्र थोडी मोठी निघाली आहे. फूटपट्टी लावली तर प्रिंटवरचे रेषाप्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५.२ सेंमी भरते. आता या ५.२ सेंमींचे किलोमीटर किती हे रेघ वाचून ठरवायचे, आणि पहिली ठेच इथेच लागते.

नकाशावरच्या रेषाप्रमाणाचे शून्य बहुतेक वेळा डाव्या टोकाला नसते. शून्याच्या उजवीकडे मोठे भाग असतात. त्यांना प्राथमिक विभाग म्हणतात. शून्याच्या डावीकडे तसाच आणखी एक मोठा भाग असतो, पण तो बारीक तुकड्यांत विभागलेला असतो. ते दुय्यम विभाग. या स्वाध्यायातल्या रेघेवर शून्याच्या उजवीकडे ५, १०, १५ असे आकडे आहेत आणि डावीकडे ५ किमीचा एक भाग, एकेका किलोमीटरचे पाच तुकडे करून. म्हणजे उजव्या टोकाला १५ लिहिलेले असले तरी पूर्ण रेघ २० किमीची आहे. हे न पाहता कोणी ५.२ सेंमी म्हणजे १५ किमी धरले तर पुढची सगळी उत्तरे एक चतुर्थांशाने कमी येतात. चूक मोठी, पण गणित नीट केलेले असल्यामुळे ती डोळ्यांत भरत नाही. म्हणून रेघ मोजताना पूर्ण रेघेचे किलोमीटर बेरीज करून एकदा बाजूला लिहून ठेवावेत.

२० किमीला ५.२ सेंमी, म्हणून या प्रिंटवर १ सेंमीला २० भागिले ५.२, म्हणजे सुमारे ३.८५ किमी. छापील शब्द ५ किमी म्हणत आहेत आणि हातातली प्रिंट ३.८५ किमी सांगत आहे. प्रिंट मोठी निघाल्यामुळे तेवढेच किलोमीटर जास्त सेंटिमीटरांवर पसरले आहेत. मूळ कागदावर २० किमीची रेघ ४ सेंमी असणार, कारण ५ किमीला १ सेंमी. इथे ती ५.२ सेंमी आहे. म्हणजे प्रिंट मूळ नकाशाच्या १.३ पट झाली. शब्दप्रमाणाचा फोटोवरचा खरा उपयोग हाच आहे: किलोमीटर काढायला नव्हे, तर चित्र किती फुगले किंवा आकसले हे कळायला.

सरळ अंतर काढणे सोपे. टर्मिनसचा ठिपका आणि ठाण्याचा ठिपका यांमध्ये फूटपट्टी ठेवली तर ८.१ सेंमी भरतात. त्यांना ३.८५ने गुणले की सुमारे ३१ किमी येतात. कावळ्याने उडत जायचे म्हटले तर एवढेच. मार्गाचे अंतर याहून जास्त असणार, कारण रूळ टर्मिनसपासून दादरपर्यंत जवळपास उत्तरेकडे जातात आणि कुर्ल्याकडे जाताना ईशान्येला वळतात.

वाकड्या रेघेची लांबी फूटपट्टीने थेट मोजता येत नाही, म्हणून तिचे तुकडे करावे लागतात. स्थानकांना जोडणारे सरळ तुकडे धरले तर प्रिंटवर टर्मिनस ते दादर २.२५ सेंमी, दादर ते कुर्ला १.७, कुर्ला ते घाटकोपर १, घाटकोपर ते मुलुंड २.८ आणि मुलुंड ते ठाणे ०.६५ सेंमी भरतात. बेरीज ८.४ सेंमी. त्याचे किलोमीटर सुमारे ३२.३. सरळ अंतरापेक्षा हे जास्त आहे, पण ३४ला पोचलेले नाही. कारण दोन स्थानकांमध्येही रूळ कुठे कुठे वळतात आणि आपण ती वळणे कापून सरळ गेलो. तुकडे करून मोजणारा नेहमी कमीच मोजतो, जास्त कधीच नाही. वळण जितके मोठे आणि तुकडे जितके लांब, तितके उत्तर तोकडे.

यावर दोन जुने उपाय आहेत. पहिला दोऱ्याचा. रेघेवरून दोरा वळणावळणाने ठेवत जायचे, सुरुवात आणि शेवट यांच्या खुणा करायच्या आणि मग दोरा सरळ करून मोजायचा. वर्गात हा उपाय लोकप्रिय आहे, पण शिवणकामाचा दोरा ताणला की लांबतो आणि वळणावर बोटाखालून सरकतो. दुसरा उपाय कागदाच्या पट्टीचा, आणि तो जास्त भरवशाचा आहे. वहीच्या पानाची सरळ कड असलेली एक पट्टी घ्यायची. तिची कड मार्गाच्या सुरुवातीला लावून रेघ जिथपर्यंत सरळ जाते तिथे पेन्सिलची बारीक खूण करायची. त्या खुणेवर पेन्सिलचे टोक रोवून पट्टी पुढच्या वळणाच्या दिशेने फिरवायची आणि पुढची खूण करायची. असे करत ठाण्यापर्यंत गेले की सगळा मार्ग पट्टीच्या एका कडेवर सरळ होऊन बसतो. तुकडे पाच नव्हे, पंधरा-वीस होतात, म्हणून वळणे फारशी हरवत नाहीत. या स्वाध्यायात पट्टीवरची लांबी ८.७ सेंमी येते आणि तिचे किलोमीटर ३३.५. बाजारात नकाशावरून फिरवायचे छोटे चाक लावलेले मापकही मिळते. पण त्याच्या तबकडीवर ठरावीक प्रमाणांचे किलोमीटर छापलेले असतात, आणि फोटोची प्रिंट कुठल्याच ठरावीक प्रमाणाची नसते. फोटोवर वापरायचे तर त्याचे फक्त सेंटिमीटर वाचावेत.

कागदी पट्टीचा आणखी एक फायदा असा, की सेंटिमीटर मोजण्याची गरजच उरत नाही. पट्टी थेट रेषाप्रमाणाखाली धरायची. मार्गाची लांबी रेघेपेक्षा जास्त आहे, म्हणून पट्टीचे डावे टोक रेघेच्या डाव्या टोकाला लावून रेघ जिथे संपते तिथे पट्टीवर खूण करायची. एवढ्यात २० किमी झाले. उरलेला तुकडा पुन्हा रेघेखाली आणायचा आणि आता त्याचे उजवे टोक अशा मोठ्या विभागावर ठेवायचे की डावे टोक शून्याच्या डावीकडे, बारीक तुकड्यांत पडेल. इथे उजवे टोक १०वर ठेवले की डावे टोक शून्याच्या डावीकडे साडेतीन तुकडे जाऊन थांबते. म्हणजे १० आणि ३.५, मिळून १३.५, आधीचे २० धरून ३३.५ किमी. दुय्यम विभाग शून्याच्या डावीकडे का असतात याचे उत्तर या कृतीत आहे. ते उजवीकडे असते तर प्रत्येक मोठ्या भागाचे बारीक तुकडे करावे लागले असते. डावीकडे एकच भाग बारीक केला की सगळ्या मोठ्या भागांचे काम भागते.

काही स्वाध्यायांत ‘नकाशावरील अंतर सेंमीमध्ये लिहा’ असा उपप्रश्नही असतो. तिथे ८.७ सेंमी लिहिले तर गुण जातात, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या मनात मूळ पुस्तकातला नकाशा असतो. प्रिंट १.३ पट आहे हे आधीच कळले आहे, म्हणून ८.७ला १.३ने भागायचे, ६.७ सेंमी येतात. त्याचे ५ किमीने गुणून ३३.५ किमी, म्हणजे दोन्ही वाटांनी उत्तर एकच. याउलट ८.७ सेंमी घेऊन त्यांना ५ने गुणणे ही या प्रकारच्या स्वाध्यायातली सर्वांत सर्रास चूक. उत्तर ४३.५ किमी येते. सरळ अंतर ३१ असताना रेल्वे ४३ किमी फिरून जात असेल तर ती नकाशावर चांगलीच वळसे घेताना दिसायला हवी, आणि तशी ती दिसत नाही. मार्गाचे अंतर आणि सरळ अंतर यांची अशी तुलना केली की पुष्कळ चुका कागदावरच उघड्या पडतात.

मोबाइलच्या पडद्यावर मोजताना एक पथ्य पाळावे लागते. रेघ मोजून झाल्यावर मार्ग नीट दिसावा म्हणून बोटांनी चित्र मोठे केले की आधी मोजलेले सेंटिमीटर वाया जातात. रेघ आणि मार्ग एकाच आकारात, चित्र न हलवता मोजले पाहिजेत. संगणकावर चित्र उघडून पिक्सेल मोजले तर हा धोका टळतो, कारण चित्र मोठे करून पाहिले तरी त्यातले पिक्सेल तितकेच राहतात. समजा रेषाप्रमाणाच्या दोन टोकांमध्ये ५२० पिक्सेल आहेत; मग १ किमीला २६ पिक्सेल. पण त्यावरून एक पिक्सेल म्हणजे अडतीस मीटर आणि तितके अचूक उत्तर आपल्याला मिळाले, असे समजू नये. मूळ नकाशावर काढलेली रेल्वेची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर त्या प्रमाणाला तिची जाडी जमिनीवर पाव किलोमीटर होते.

इथपर्यंत एक गोष्ट गृहीत धरली आहे: फोटोत नकाशा सगळीकडे सारखाच मोठा किंवा लहान झाला आहे. प्रत्यक्षात तसे क्वचित होते. पुस्तक टेबलावर सपाट पडलेले असते आणि फोटो काढणारा खुर्चीत बसून मोबाइल तिरका धरतो. मग पानाची जवळची कड मोठी येते आणि लांबची लहान. नकाशाची चौकट हे ओळखायला पुरेशी आहे. मूळ नकाशात चौकट आयताकृती होती, तर फोटोतही समोरासमोरच्या बाजू सारख्या भरायला हव्यात. समजा तळाची बाजू १०.४ सेंमी आहे आणि माथ्याची ९.४. दोन्ही जमिनीवर ४० किमीच आहेत. म्हणजे तळाशी १ सेंमीला ३.८५ किमी आणि माथ्याशी ४.२६ किमी. रेषाप्रमाण तळाशी छापलेले असते, म्हणून ते फक्त तळाबद्दल खरे बोलते. दक्षिण मुंबईतले अंतर बरोबर येईल, ठाण्याजवळचे मात्र कमी येईल. शिवाय तिरक्या फोटोत आडव्या अंतरांपेक्षा उभी, म्हणजे जवळून लांब जाणारी अंतरे जास्त आखडतात. आपला मार्ग बराचसा दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे नुकसान दुहेरी. अशा फोटोला गणिताची मलमपट्टी करत बसण्यापेक्षा मोबाइल पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरून नवा फोटो काढणे शहाणपणाचे. मोबाइल पानाच्या अगदी जवळही नेऊ नये. जवळून, रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत कडेच्या सरळ रेघा बाहेर फुगलेल्या दिसतात. थोडे लांबून फोटो काढून तो कापून घेतलेला बरा. पुस्तक जाड असेल तर शिवणीजवळ पान गोलावते आणि तिथला नकाशा आक्रसतो; मार्ग त्या भागातून जात असेल तर पान दाबून सपाट धरल्याशिवाय इलाज नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे स्कॅन करणाऱ्या अॅपमधून आलेला फोटो. ही अॅप तिरक्या चौकटीचे चारही कोपरे ओळखून ती ओढूनताणून आयत करतात. चित्र सुबक दिसते, समोरासमोरच्या बाजू सारख्या भरतात, आणि वरची चाचणी त्याला उत्तीर्ण करते. पण आयताची लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर अॅपने अंदाजाने ठरवलेले असते. ते चुकले तर नकाशा उभा दबतो किंवा ताणला जातो. रेषाप्रमाण आडवे असल्यामुळे त्याला याचा पत्ताच लागत नाही. पूर्व-पश्चिम अंतरे बरोबर येतात आणि दक्षिणोत्तर अंतरे चुकतात.

हे पकडायला चौकटीवरच्या अक्षांशांच्या खुणा कामी येतात. अक्षवृत्ताच्या एका अंशाचे दक्षिणोत्तर अंतर जवळपास १११ किमी असते, म्हणून दहा मिनिटांचे सुमारे १८.५ किमी. १९° आणि १९° १०' या खुणांमधले उभे अंतर आपल्या प्रिंटवर १८.५ भागिले ३.८५, म्हणजे ४.८ सेंमी भरायला हवे. (रेखांशांच्या खुणा मात्र मुंबईच्या अक्षांशावर थोड्या जवळ येतात, तिथे दहा मिनिटांचे सुमारे १७.५ किमी होतात. हा आकडा उभ्या अंतराला लावू नये.) समजा अॅपमधून आलेल्या प्रिंटवर अक्षांशांच्या त्या दोन खुणांमध्ये ४.८ ऐवजी ४.४ सेंमीच भरले. नकाशा उभा दबला आहे हे ठरले. अशा प्रिंटवर टर्मिनस ते ठाणे सरळ रेघ ७.६ सेंमीच भरते आणि रेषाप्रमाणाने तिचे सुमारे २९ किमी होतात. खऱ्यापेक्षा दोन किलोमीटर कमी.

मूळ पान हाती नसेल तर यातूनही वाट निघते. ठाणे टर्मिनसच्या किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहे हे वेगवेगळे मोजायचे. आडवे अंतर ३.९ सेंमी भरले. रेषाप्रमाणाने त्याचे १५ किमी. उभे अंतर ६.५ सेंमी भरले. त्याला रेषाप्रमाण लावायचे नाही, अक्षांशांच्या खुणा लावायच्या. ४.४ सेंमीला १८.५ किमी, तर ६.५ सेंमीला सुमारे २७.३ किमी. मग काटकोन त्रिकोणाचा नियम: १५चा वर्ग २२५, २७.३चा वर्ग सुमारे ७४५, बेरीज ९७०, तिचे वर्गमूळ सुमारे ३१. सरळ अंतर पुन्हा ३१ किमीवर आले. मार्गाच्या प्रत्येक तुकड्यासाठी हे करता येते, कष्ट तेवढे वाढतात. ज्या नकाशावर अक्षांशांच्या खुणाही नाहीत, तिथे नकाशावर वर्तुळ किंवा चौरस असायला हवी अशी एखादी खूण शोधावी. स्थलदर्शक नकाशांवर एक किलोमीटरच्या चौकोनांची जाळी छापलेली असली, तर त्यातला एक चौकोन उभा-आडवा मोजला की निकाल लगेच लागतो.

आता उत्तर कसे लिहावे? गणकयंत्र ८.७ गुणिले २० भागिले ५.२ याचे ३३.४६१५ असे उत्तर देते, आणि ते तसेच उतरवलेले पाहायला मिळते. दशांशचिन्हापुढचे बहुतेक आकडे इथे निरर्थक आहेत. फूटपट्टीने मोजताना एका मिलिमीटरची चूक सहज होते. ती मार्ग मोजताना झाली तर या प्रिंटवर ०.४ किमीचा फरक पडतो. रेषाप्रमाण मोजताना झाली तर त्याहून जास्त: ५२ मिलिमीटरांत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे दोन टक्के, आणि ३३.५ किमींचे दोन टक्के पाऊण किलोमीटरच्या जवळ जातात. म्हणून रेघेचा नेहमी सगळ्यात लांब भाग मोजावा. कोणी फक्त ५ किमीचा एक भाग मोजला, तर तो प्रिंटवर १.३ सेंमी असतो. त्यात एक मिलिमीटर चुकला तर चूक आठ टक्क्यांच्या घरात जाते आणि उत्तरात पावणेतीन किलोमीटरचा फरक पडतो. हे सगळे लक्षात घेता ‘सुमारे ३३.५ किमी’ हे उत्तर प्रामाणिक आहे. आणि ‘सुमारे ३३ ते ३४ किमी’ लिहिले तरी त्यात काही कमीपणा नाही.

नकाशावरचे उत्तर ३४पेक्षा किंचित कमी का, याचे बरेचसे कारण या मोजमापात आणि नकाशात आहे. १ सेंमीला ५ किमी एवढ्या लहान प्रमाणावर नकाशा काढणारा बारीक वळणे गुळगुळीत करतो, कारण ती काढायला जागाच नसते. कागदी पट्टी कितीही काळजीने फिरवली तरी नकाशात नसलेले वळण ती मोजू शकत नाही. तोच मार्ग १:५०,०००च्या नकाशावर मोजला तर उत्तर थोडे वाढते. डोंगरातल्या घाटरस्त्यांना हे फार जाणवते. लहान प्रमाणाच्या नकाशावर घाटाची नागमोड एका तिरक्या रेघेत मिटून जाते आणि प्रत्यक्ष रस्ता त्याच्या कितीतरी जास्त निघतो.

घाटातल्या या फरकाचे खापर पुष्कळदा चढावर फोडले जाते, पण चढाचा वाटा फार थोडा असतो. नकाशा जमिनीचे सपाट अंतर दाखवतो, चढण दाखवत नाही, हे खरे. तरी १८६३मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेची सर्वांत तीव्र चढण ३७ला १ अशी आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. एवढ्या चढणीवर सपाट २५ किमींना जेमतेम ९ मीटर जास्त पडतात. शंभर मीटर पुढे जाताना तीस मीटर चढणारी किल्ल्याची पायवाट असेल, तर शंभराचे १०४ मीटर होतात. तिथे चढाचा हिशोब धरायला हरकत नाही. रेल्वे आणि डांबरी रस्त्यांसाठी मात्र फरक शोधायचा तो वळणांत शोधावा.

जगाच्या नकाशावर हा सगळा खटाटोप करायला जाऊ नये. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना नकाशाचे प्रमाण ठिकठिकाणी बदलते. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर विषुववृत्तावर जी रेघ खरी, ती साठ अंश अक्षवृत्तावर निम्मीच खरी ठरते: तिथली अंतरे दुप्पट ताणून दाखवलेली असतात. एका जिल्ह्याच्या किंवा शहराच्या नकाशावर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून मुंबई ते ठाणे या स्वाध्यायात एकच रेघ सगळ्या मार्गाला पुरते.